दोन प्रकारचे अहो

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या पुढच्या गल्लीत एका बाईचं पोळीभाजी केंद्र आहे. कारखान्यातून परतताना मी तिथून रोज चार पोळ्या आणि एक भाजी घेते. मी एकटी राहते, स्वयंपाकाचा मला कंटाळा आहे, आणि तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा बऱ्या असतात. इतकीच आमची ओळख होती. मी तिला अगं-तुगं करायचे, ती मला ताई म्हणायची. मी काय करते हे तिला ठाऊक होतं, कारण एकदा तिचं वजनकाट्याचं यंत्र बंद पडलं तेव्हा मी तिथेच उभ्या उभ्या ते उघडून दिलं होतं.

त्या दिवशी पोळ्या बांधता बांधता तिने विचारलं, "ताई, तुम्ही हॉस्पिटलच्या बेल बनवता ना? बटण न दाबता वाजेल अशी बेल असते का हो?"

तिच्या सासूबाईंना झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या वर पहिल्या मजल्यावर, केंद्राच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत झोपून असत. नवरा कामाला चेंबूरला. खाली हिची सकाळपासून घाई: एक्झॉस्ट फॅन, मिक्सर, तीन शेगड्या. वरून कुणी हाक मारली तर खाली काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. हाताखालच्या दोघी बायका पोळ्या लाटायच्या, पण सासूबाईंचं सगळं हिलाच बघावं लागे.

"डावा हात चालतो ना त्यांचा? मग साधं बटण दे की."

"दिलं होतं. हातात घेऊन बघत बसतात. दाबायचं असतं हेच सुचत नाही त्यांना. एकदा तर खायला गेल्या." ती थोडी हसली आणि लगेच थांबली. "मागच्या आठवड्यात अर्धा तास ओल्यात पडून होत्या. मला कळलंच नाही."

"बोलतात काही?"

"एकच शब्द. अहो."

मी वर जाऊन बघून आले. लहानखुऱ्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या बाई. मी नमस्कार केला, तर डाव्या हाताने पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अहो." मला नाही. माझ्या खांद्यावरून, दाराकडे बघत. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की असं होतं. सगळी भाषा जाते आणि रोजच्या वापराने गुळगुळीत झालेला एखादा शब्द मागे राहतो. तो आपसूक येतो. म्हणा म्हटलं तर येत नाही. सासूबाईंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे हाच उरला होता.

आमचा गाळा घाटकोपरला औद्योगिक वसाहतीत आहे. मी आणि माझी भागीदार, दोघी मिळून चालवतो. डिप्लोमाला एका बाकावर होतो, तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. ती बोरिवलीकडच्या जुन्या गावठाणातली, ख्रिश्चन. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती सोल्डर करत होती.

"एका शब्दावर उठणारी बेल ना? ते जमेल," ती म्हणाली. "पण तो शब्द? अगं, सगळे असा शब्द निवडतात जो दिवसभरात कुणी बोलत नाही. लांबलचक, तीन-चार अक्षरी, टणक. आणि तुला हवाय अहो! मराठी माणसाच्या घरात! टीव्ही लावला तर मिनिटाला चार वेळा वाजेल."

"दुसरा शब्दच नाहीये तिच्याकडे."

"मग लागली वाट," असं म्हणून तिने सोल्डर गन खाली ठेवली आणि कागद ओढला. काम घेतल्याची ती तिची खूण.

यंत्र कसं असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. त्यात एक मायक्रोफोन आणि एक छोटा कंट्रोलर, ज्याची स्मृती मोबाइलपेक्षा हजारो पटींनी कमी. इंटरनेट नाही. आवाज घराबाहेर जात नाही. बेल वाजवणारा रेडिओ झोपलेला असतो, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरी पुरते. कंट्रोलर तेवढा कान देऊन असतो. आवाजाचे बारीक काप करायचे, प्रत्येक कापात कोणत्या पट्टीचा जोर किती ते मोजायचं, आणि एका सेकंदाचे काप शेजारी शेजारी लावले की आवाजाचं एक लहानसं चित्र होतं. ते चित्र बघून एक छोटं मॉडेल सांगतं: हा आपला शब्द असण्याची शक्यता इतकी, दुसरं काही असण्याची इतकी, शांतता असण्याची इतकी. एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. सेकंदात अशी अनेक चित्रं सरकत जातात, त्यांची सरासरी काढायची, आणि ती ठरवलेल्या रेषेच्या वर गेली की रेडिओला उठवायचं. आमचं मॉडेल अठरा केबी होतं. परीक्षेच्या अर्जाला लावायचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो.

शिकवायला मात्र नमुने लागतात, आणि "आजी, शंभर वेळा अहो म्हणा" असं सांगून उपयोग नव्हता. म्हणून मी पलंगाच्या कडेला एक रेकॉर्डर लावला आणि नऊ दिवस तो सतत चालू ठेवला. त्यांच्या मुलाला, सुनेला सगळं समजावलं. बाईंनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्या सगळ्यालाच मान हलवत.

मग ते नऊ दिवस ऐकून त्यातले अहो वेगळे काढायचे होते. भागीदार म्हणाली, "ते तू कर. मेलेल्या माणसाला मारलेल्या हाका कापत बसायचं काम मला नको." आणि अर्धवट गमतीत छातीवर क्रूस काढला.

मी केलं. मला अशा गोष्टींचं काही वाटत नाही, असं माझं मत होतं. शेजारच्या गाळ्यात लेथ चालू असायचा, माझ्या कानावर हेडफोन, स्क्रीनवर आवाजाची रेघ. खोलीतला पंखा. कबुतरं. खालून अगदी दबलेला मिक्सर. आणि मग, अहो. कापायचं, नाव द्यायचं, पुढे. झटक्याने त्यांचा ह खाल्ला होता, निम्म्या वेळा नुसतं "अओ" ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशीचा आवाज कापताना मला ते लक्षात आलं. बऱ्याच हाकांनंतर दोन-तीन सेकंद काहीच नसायचं. मग त्या हलकेच म्हणायच्या, "हं." पुन्हा शांतता. कधी पुन्हा "हं", कधी थोडंसं हसू. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू आपल्याला ऐकू यावी, तसं. मी ते मधले सेकंद आवाज वाढवून ऐकले. पंखा होता फक्त. मी स्वतःला विचारलं, तू नेमकं काय शोधते आहेस, आणि पुढचा तुकडा उघडला. पण त्या आठवड्यात भाजीबाजारात कुणी बाई मागून "अहो" म्हणाली की मी वळून बघायचे, आणि मग तिच्यानंतरची शांतता मोजायचे. मला कुणी अहो म्हणावं असं कुणी नाही आणि मी कुणाला कधी म्हटलेलं नाही.

सहाशेच्या आसपास तुकडे निघाले. त्यांना पुढेमागे सरकवून, त्यात मिक्सर, कुकर, टीव्ही मिसळून त्यांचे कितीतरी पट केले. उलट बाजूचे नमुनेही लागत: जे अहो नाही ते. आहे, नाही, अगं, अरे, मालिकांमधल्या बायका. खिडकीतल्या कबुतराचा घुमणारा आवाज तर मॉडेलला पहिल्या दिवशी हमखास अहो वाटायचा. आणि सर्वांत अवघड म्हणजे सुनेचे अहो, कारण नवरा घरी असला की तीही त्याला तशीच हाक मारणार. तिला एका रविवारी खोलीत बसवून शंभर अहो म्हणायला लावले.

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?" नवरा आतून.

"काही नाही, रेकॉर्डिंग चाललंय. अहो."

"काय?"

"तुम्हाला नाही! अहो."

पंधराव्यानंतर तो बाहेर निघून गेला. सासूबाई मात्र त्या दिवशी फार शांत होत्या. प्रत्येक हाकेला दाराकडे बघत होत्या.

पहिली डबी चांगली चालली. कबुतर वगळलं, मालिका वगळल्या, सासूबाईंची हाक पकडली. खाली सुनेच्या एप्रनच्या खिशात छोटा रिसीव्हर, तो थरथरायचा. पहिल्याच आठवड्यात दोनदा वेळेवर चादर बदलली गेली. मी खूश होते.

दुसऱ्या आठवड्यात ती थकलेली दिसली. "ताई, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा वाजतं. जिना चढून जाते तर त्यांना काही नको असतं. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांचं आपलं बाबांशी चाललेलं असतं." मग पीठ लागलेल्या हाताने कपाळ पुसत म्हणाली, "मशीनला शिकवता येईल का? मला कधी हाक मारतात आणि त्यांना कधी?"

"तुला कळतं?"

"न कळायला काय झालं? मला मारतात ती आखूड असते, तुटलेली. त्यांना मारतात ती लांब. आणि नंतर हं येतो."

माझ्या आवाजाच्या रेघांवरही हेच दिसलं होतं. मी हो म्हणाले. विचार करून सांगते, असंही म्हणाले नाही.

भागीदाराने ऐकलं आणि खुर्ची फिरवली. "म्हणजे शब्द ओळखून भागत नाही, आता तो कुणाला म्हटला तेही ओळखायचं? अठरा केबीत?"

"ताण वेगळा आहे. लांबी वेगळी आहे. चित्रात दिसतं."

"दिसत असेल. पण तुला कळतं का गं त्यातलं? मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते आणि तू तर कुणालाच नाही. आपल्या दोघींच्या तोंडात हा शब्द नाही."

"म्हणून तर सून ठरवणार कुठला कुठला ते."

चार दुपारी ती केंद्र बंद करून आमच्या गाळ्यात आली आणि एकेक तुकडा ऐकून सांगत गेली. "ही मला. ही मला, पाणी. ही त्यांना. त्यांना. ही मला, कूस बदलायची. त्यांना." ती क्षणभरही अडखळत नव्हती. मध्येच एकदा हेडफोन काढून म्हणाली, "बाबा खिडकीशी खुर्चीत बसायचे. आई ओट्याजवळून हाक मारायच्या. ते पेपरातून मान वर न करता हं म्हणायचे. आता तो हं पण आईच म्हणतात." मग हेडफोन पुन्हा लावला.

आता मॉडेलला एक खाना जास्त झाला. सुनेला, नवऱ्याला, दुसरं काही, शांतता. मॉडेलच्या परीक्षेत मी लबाडी केली नाही. एकाच दिवसाच्या आवाजाचे तुकडे शिकवण्यातही आणि परीक्षेतही घातले तर मॉडेल त्या दिवसाचा पंखा पाठ करतं आणि गुण फुकट मिळवतं. म्हणून मी दोन आख्खे दिवस बाजूला ठेवले होते. त्या दोन दिवसांवर मॉडेल दहातल्या नऊ वेळा सुनेशी सहमत झालं. जिथे त्याला खात्री नसेल तिथे वाजायचं, असं मी ठरवलं. नवऱ्याची हाक आहे अशी खात्री असेल तेव्हाच गप्प बसायचं. मला ते पुरेसं सावध वाटलं.

तीन आठवडे सगळं छान चाललं. रिसीव्हर दिवसाला दहा-बारा वेळा थरथरायचा आणि बहुतेक वेळा खरंच काहीतरी हवं असायचं. सून म्हणाली, "झकास आहे ताई," आणि माझ्या पिशवीत एक पोळी जास्त घातली. मी रेकॉर्डर तिथेच राहू दिला होता, पुढे सुधारणा करायला नमुने मिळतील म्हणून.

मग एका सकाळी अकराच्या सुमाराला सासूबाई पलंग आणि भिंतीच्या फटीत घसरल्या. पाय वर अडकलेला, अंग खाली, डावा हात अंगाखाली. पाऊण तास तशाच होत्या. सून पेज घेऊन वर गेली तेव्हा तिला दिसल्या. डाव्या हाताचं मनगट मोडलं होतं. त्यांचा तोच एक हात चालत होता.

तिचा फोन आला तेव्हा मी गाळ्यातच होते. ती रडत नव्हती. "ताई, वाजलं नाही," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मी डबी आणि रेकॉर्डर घेऊन आले. माझी पहिली आशा अशी होती की डबी बंद पडली असेल. बॅटरी, सुटलेली वायर, काहीतरी. ती ठणठणीत होती. मॉडेल दर हाकेला काय ठरवतं ते तिच्या नोंदीत राहतं. अकरा ते पावणेबारा, ओळीमागून ओळ: अहो, नवऱ्याला. अहो, नवऱ्याला. खात्री प्रत्येक ठिकाणी भरपूर. रेषेच्या जवळपासही एक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तो पाऊण तास ऐकला. भागीदार म्हणाली, "नको ऐकूस, नोंदीत आहे ना सगळं." पण ती शेजारी येऊन बसली आणि तिने एक कान माझ्या हेडफोनच्या बाहेरून लावला.

धप्प आवाज आहे. मग बराच वेळ श्वास. मग ती हाक, लांब, शेवटी किंचित वर जाणारी, सुनेने न अडखळता "त्यांना" म्हणून सांगितली असती अशी. मग दोन-तीन सेकंद. मी 'हं'ची वाट बघितली. आला नाही. पुन्हा हाक, पुन्हा तेवढीच जागा सोडलेली, पुन्हा काही नाही. घाई नव्हती तिच्यात, आरडाओरडा नव्हता. दर वेळी त्याला उत्तर द्यायला पुरेसा वेळ देत होत्या. पाऊण तासात हं एकदाही आला नाही.

मॉडेल चुकलं नव्हतं. ती हाक त्यालाच होती. आम्ही गृहीत धरलं होतं की त्याला मारलेली हाक म्हणजे गप्पा, आणि मदत हवी असली की बाई सुनेला बोलावतील. पाणी हवं, कूस बदलायची, यासाठी सून. पण पडल्यावर, हात मोडल्यावर, त्यांनी त्याला बोलावलं. चाळीसपेक्षा जास्त वर्षं असंच केलं असणार. हे मला सुचायला हवं होतं. परीक्षेच्या दोन दिवसांत कुणी पडलं नव्हतं, म्हणून परीक्षेतही ते दिसलं नाही.

भागीदार उठली आणि तिने लेथवाल्याला दहा मिनिटं मशीन बंद ठेवायला सांगितलं. का ते मला कळलं नाही. तो थांबलाही.

संध्याकाळी मी मुलुंडला गेले. सून कणीक मळत होती. मी तिला नोंद दाखवली, आणि काय ऐकलं तेही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"मीच सांगितलं होतं ना कुठली कुणाला ते," ती म्हणाली.

"तू बरोबर सांगितलंस. चूक ती नव्हे. गप्प बसायचं हे मी ठरवलं."

"तुम्ही माझे पाय वाचवायला ठरवलंत." तिने कणकेवर ओलं फडकं घातलं. "हं आला नाही म्हणता?"

"नाही."

लाटणाऱ्या दोघी बायका थांबल्या होत्या. "लाटा गं तुम्ही," ती त्यांच्यावर खेकसली, आणि मग मला म्हणाली, "ते काढून टाका. सगळ्याला वाजू दे."

मी दोन्ही खाने एक केले. वेगळं फार काही करावं लागलं नाही: तुकड्यांवरची नावं बदलली, मॉडेल पुन्हा शिकवलं, आणि पडल्याच्या पाऊण तासातल्या हाकाही त्यात घातल्या, कारण जमिनीवरून, पलंगाआडून येणारा आवाज त्याने आधी ऐकलेला नव्हता. रेषाही खाली आणली. आता अधूनमधून कबुतरालाही वाजतं. ते मी मुद्दाम राहू दिलं आहे. पलंगाला त्या बाजूने कठडा बसवला, तो खरं तर पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. सुनेने वरच्या कामाला दुपारपर्यंत एक बाई ठेवली आहे, पण रिसीव्हर ती स्वतःच्याच खिशात ठेवते.

मनगट वाकडं का होईना, जुळलं. हाका कमी झाल्या नाहीत. मी महिन्यातून एकदा बॅटरी तपासायला जाते. परवा गेले तेव्हा मी उभी असतानाच रिसीव्हर थरथरला, आणि ती हात धुऊन जिन्याकडे निघाली.

"कंटाळत नाहीस?" मी विचारलं.

"कंटाळते की. काय करणार?" जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली. "मी आत गेले की त्या माझ्या मागे बघतात, ताई. दाराकडे. म्हणून आता मीपण एकदा वळून बघते. मग त्यांना बरं वाटतं. मग विचारते, काय हवंय."

ती वर गेली. मिक्सर आणि एक्झॉस्ट फॅन त्या वेळी बंद होते; मी खाली पोळ्या मोजून घेतल्या. वरून तिचा आवाज आला, काय हवंय आई, आणि पावलं थांबल्यापासून त्या प्रश्नापर्यंतचा तेवढा थांबा मला नीट ऐकू आला.